फसलेल्या प्रकल्पाचा आढावा, कुणावरही खापर न फोडता

प्रकल्प फसला की काही दिवसांत एक बैठक बोलावली जाते. तिला नाव काहीही दिलेले असो, तिथे बसलेल्या प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न असतो: आज कुणाचे नाव येणार? ज्याला स्वतःचे नाव येण्याची भीती असते तो कमीत कमी बोलतो, आणि बहुतेक वेळा सगळ्यात जास्त माहिती त्याच्याचकडे असते. शेवटी एखाद्याची बदली होते, ‘यापुढे सर्वांनी अधिक काळजी घ्यावी’ असे इतिवृत्तात लिहिले जाते आणि प्रकल्प कशामुळे फसला हे कुणालाच नीट कळत नाही.

यावर विमानवाहतूक, रुग्णालये आणि अलीकडे सॉफ्टवेअर कंपन्यांमध्ये एक पद्धत रुळली आहे. तिला ‘ब्लेमलेस रिव्ह्यू’ म्हणतात, म्हणजे दोषारोप बाजूला ठेवून घेतलेला आढावा. त्यात दोन गोष्टी शोधायच्या असतात. जे केले गेले ते करणाऱ्याला त्या वेळी योग्य का वाटले? आणि ते चुकीचे आहे हे पुढे इतक्या लोकांच्या लक्षात का आले नाही? हे काम टप्प्याटप्प्याने कसे करायचे ते आपण पाहू. सोबतीला एक खरा प्रकल्प घेऊ, ज्याचा चौकशी अहवाल कुणालाही वाचता येतो: मंगळाकडे निघालेले नासाचे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान.

११ डिसेंबर १९९८ रोजी हे यान निघाले. २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाच्या कक्षेत शिरताना ते मंगळाच्या आड गेले, तेही ठरलेल्या वेळेच्या ४९ सेकंद आधी, आणि पुन्हा त्याचा संदेश आला नाही. कारण लवकरच सापडले. यान बांधणाऱ्या लॉकहीड मार्टिन कंपनीचे जमिनीवरचे एक सॉफ्टवेअर यानाच्या छोट्या इंजिनांनी दिलेला धक्का पौंड-सेकंद या एककात लिहीत होते. तो आकडा वाचून यानाचा मार्ग ठरवणारे जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीचे, म्हणजे जेपीएलचे, लोक तो न्यूटन-सेकंदात आहे असे धरत होते. एकके ठरवून देणारे कागदपत्रही न्यूटन-सेकंदच सांगत होते. या दोन एककांत सुमारे ४.४५ पटींचा फरक आहे.

इथेच थांबले तर आरोपी हाती लागला. ज्याने ते सॉफ्टवेअर लिहिले तो. चौकशी मंडळ इथे थांबले नाही, म्हणून हे उदाहरण आपल्या उपयोगाचे आहे.

पहिली पायरी बैठकीच्या बरीच आधीची आहे. प्रकल्प थांबल्याचे जाहीर झाले की लगेच सगळी कागदपत्रे आहेत तशी जपून ठेवावीत: ईमेल, गटातले संदेश, प्लॅनच्या जुन्या आवृत्त्या, चाचण्यांचे निकाल, बैठकांच्या नोंदी. फसलेल्या कामाचे फोल्डर साफ करून टाकायची घाई अनेकांना असते. त्यात वाईट हेतू नसतो, पण जुन्या आवृत्त्या गेल्या की ‘तेव्हा आपल्याला काय माहीत होते’ हे फक्त आठवणीवर सांगावे लागते, आणि आठवण शेवट माहीत झाल्यावर बदलते. आढावा साधारण एक-दोन आठवड्यांत घ्यावा. दुसऱ्याच दिवशी लोक थकलेले आणि चिडलेले असतात. दोन महिन्यांनी ते दुसऱ्या कामात गेलेले असतात.

याच काळात आपण, किंवा आपल्या विभागाचे प्रमुख, एक छोटी लेखी सूचना काढावी. तिच्यात तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात. या आढाव्यात कुणी काय सांगितले ते अप्रेझलमध्ये, म्हणजे वार्षिक मूल्यमापनात, वापरले जाणार नाही. अहवाल कोण कोण वाचणार आहे. आणि या आढाव्यात कोणत्या गोष्टी येत नाहीत.

तिसरा मुद्दा बहुतेक ठिकाणी राहून जातो. पैशांची अफरातफर, मुद्दाम खोट्या नोंदी, दारू पिऊन केलेले काम, छळ या गोष्टी दोषारोपविरहित आढाव्याच्या कक्षेत नाहीत. त्यांची चौकशी वेगळी, वेगळ्या माणसांनी करायची. हे आधी सांगितले नाही आणि बैठकीच्या मध्येच असे काही निघाले, तर दिलेला शब्द तरी मोडतो किंवा गैरप्रकार तरी झाकला जातो. तसेच कुणावर आधीच शिस्तभंगाची कारवाई सुरू असेल, तर ती निकाली निघेपर्यंत आढावा घेऊ नये. डोक्यावर टांगती तलवार असलेला माणूस मोकळेपणाने बोलेल अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

दुसरी पायरी म्हणजे आढावा चालवणारा माणूस निवडणे. तो प्रकल्पात नसावा आणि बैठकीतल्या कुणाचाही साहेब नसावा. प्रकल्प-व्यवस्थापकानेच आढावा चालवला तर त्याच्या स्वतःच्या निर्णयांवर कुणी बोलत नाही, आणि तोही नकळत चर्चा इतरांकडे वळवतो. ऑर्बिटरच्या चौकशी मंडळाचे अध्यक्ष आर्थर स्टीफनसन हे नासाच्याच मार्शल केंद्राचे संचालक होते, म्हणजे जेपीएलच्या बाहेरचे. विषय कळणारा, पण या कामात हात नसलेला माणूस हवा. आपल्या संस्थेत दुसऱ्या विभागातला कुणी अनुभवी सहकारी हे काम करू शकतो. लहान संस्थेत तसा माणूस नसेल तर बाहेरच्या ओळखीच्या व्यावसायिकाला अर्ध्या दिवसासाठी बोलवावे.

तिसरी पायरी माझ्या मते सगळ्यात मोलाची, आणि सगळ्यात जास्त वेळा गाळली जाणारीही हीच: बैठकीआधी एकेकाशी वेगळे बोलणे. प्रत्येकासाठी अर्धा-पाऊण तास द्यावा. दहा जणांसमोर जे कधीच बाहेर येणार नाही ते इथे येते.

या बोलण्यात प्रश्न कसा विचारला यावर सगळे अवलंबून असते. समजा, एका पतसंस्थेने जुन्या सॉफ्टवेअरमधली खाती नव्या सॉफ्टवेअरमध्ये नेली. १ एप्रिलला शाखा उघडल्या आणि दुपारपर्यंत खातेदारांच्या तक्रारींचा पाऊस पडला. नवे सॉफ्टवेअर बंद करून परत जुन्यावर यावे लागले. डेटा हलवणारी तरुण अभियंता समोर बसली आहे. तिला ‘खाती न तपासताच तुम्ही सिस्टीम चालू का केली?’ असे विचारले, तर ती बचाव करील किंवा माफी मागेल. दोन्हींतून आपल्याला काही शिकायला मिळत नाही. त्याऐवजी त्या रात्रीत परत जावे.

‘रात्री साधारण दोन वाजता तुमच्या स्क्रीनवर काय काय दिसत होतं?’

‘दोन्हीकडची एकूण ठेव दाखवणारा रिपोर्ट. दोन्ही आकडे पैशापर्यंत जुळत होते.’

‘मग पुढे जायचं हे कशावरून ठरलं?’

‘प्लॅनमध्येच लिहिलं होतं, बेरीज जुळली की चालू करायचं. खात्यागणिक यादी काढून बघावी असं मला वाटलं होतं. पण ती निघायला तीन तास लागतात आणि प्लॅनप्रमाणे पहाटे चारला सिस्टीम चालू करायची होती.’

‘यादी काढायची म्हटलं असतं तर कुणाला विचारावं लागलं असतं?’

‘मॅनेजरसाहेबांना. पण ते तेव्हा विमानात होते.’

तीन प्रश्नांत केवढे बाहेर आले! दोन शाखांच्या खात्यांची आपापसांत अदलाबदल झाली होती. अशा चुकीत एकूण बेरीज जुळणारच, म्हणजे प्लॅनमधली कसोटीच ती चूक पकडू शकत नव्हती. जी कसोटी पकडू शकली असती तिला वेळ ठेवलेला नव्हता. आणि वेळ वाढवून मागायचा तर निर्णय घेणारे कुणी जागेवर नव्हते. यातली एकही गोष्ट त्या मुलीच्या ‘निष्काळजीपणा’त सापडली नसती.

म्हणून ‘का’ या शब्दाने सुरू होणारे प्रश्न माणसाला विचारताना टाळावेत. ‘काय दिसत होतं’, ‘काय अपेक्षित होतं’, ‘आणखी कोणते पर्याय समोर होते’, ‘कुणाला विचारता आलं असतं’ असे विचारावे. उत्तर आले की ते लिहून घ्यावे आणि ‘मी हे बरोबर लिहिलंय का?’ म्हणून त्याच माणसाला वाचून दाखवावे. बोलणाऱ्याचा विश्वास यानेच बसतो.

चौथी पायरी म्हणजे घटनाक्रम, ज्याला टीममध्ये सर्रास ‘टाइमलाइन’ म्हणतात. भिंतीवर लांब कागद लावावा किंवा स्क्रीनवर तक्ता करावा. चार रकाने पुरतात: तारीख, काय घडले, ते तेव्हा कुणाला माहीत होते, आणि त्या वेळी समोर असलेली माहिती काय होती. शेवटचे दोन रकाने नसलेला घटनाक्रम हा आरोपपत्राचाच मसुदा असतो.

ऑर्बिटरचा घटनाक्रम या रीतीने मांडला तर काय दिसते ते पाहू. उड्डाणानंतरचे पहिले चार महिने ज्या फाइलमध्ये ते चुकीचे आकडे येत होते ती वापरलीच जात नव्हती, कारण फाइलच्या मांडणीत वेगळ्याच चुका होत्या. इंजिने कधी चालवली हे कंपनी ईमेलने कळवत असे आणि त्यावरून काम भागत होते. एप्रिल १९९९मध्ये फाइल सुधारून वापरात आली. थोड्याच दिवसांत मार्ग ठरवणाऱ्या गटाला जाणवले की फाइलमधले धक्के प्रत्यक्षापेक्षा कमी दिसताहेत. म्हणजे चूक वेळेत कुणाच्या तरी नजरेस आली होती.

मग ती सुटली कशी? इथे तिसरा आणि चौथा रकाना बोलू लागतात. शंका ईमेलवर आणि तोंडी फिरली. अनपेक्षित काही दिसले तर भरायचा एक रीतसर फॉर्म त्या मोहिमेत होता, पण ही शंका त्या वाटेने गेली नाही. त्यामुळे तिचे उत्तर देण्याची जबाबदारी कुणाच्याही टेबलावर पडली नाही. शंका खरी की खोटी हे मोजणेही कठीण होते. पृथ्वीवरून यानाचा वेग रेडिओलहरींनी मोजतात. त्या मोजणीत यान आपल्यापासून दूर किती वेगाने जाते ते अचूक कळते, पण आडव्या दिशेची हालचाल जवळजवळ कळत नाही. आणि छोट्या इंजिनांचे धक्के बहुतांशी आडवेच होते.

धक्के इतके महत्त्वाचे का ठरले, याचेही उत्तर घटनाक्रमातच होते. यानाला सौरपंख एकाच बाजूला होता. सूर्यप्रकाशाच्या दाबाने यान हळूहळू फिरे, ते सावरण्यासाठी छोटी इंजिने चालवावी लागत, आणि हे अंदाजापेक्षा १० ते १४ पट जास्त वेळा घडत होते. आधीच्या ‘मार्स ग्लोबल सर्व्हेयर’ यानाचे पंख दोन्ही बाजूंना सारखे होते, तिथे हा त्रास नव्हता. मार्ग ठरवणारा गट त्या यानाच्या अनुभवावर विसंबून होता. नवे यान बरेचसे जुन्यासारखेच आहे असे त्यांनी धरले होते. ते विकासाच्या काळात सामील नव्हते, उड्डाणाच्या सुमारास कामावर आले होते, आणि एकाच वेळी तीन मोहिमा सांभाळत होते.

शेवटचा आठवडा सगळ्यात बोलका आहे. १५ सप्टेंबरच्या चौथ्या मार्गदुरुस्तीनंतर यान मंगळापासून सुमारे २२६ किलोमीटरवरून जाईल असा हिशेब होता. पुढच्या काही दिवसांत नवे हिशेब १५० ते १७० किलोमीटर सांगू लागले. पोहोचण्याच्या आदल्या २४ तासांत आकडा ११०वर आला. यान तगून राहील अशी खालची मर्यादा ८० किलोमीटर होती. नंतर केलेल्या हिशेबात कळले की यान प्रत्यक्षात ५७ किलोमीटरवर गेले.

हे आकडे एका ओळीत मांडले की कुणीही म्हणेल, ‘अरे, डोळ्यांसमोर घसरत होतं की! पाचवी दुरुस्ती का केली नाही?’ आढाव्यात सगळ्यात जास्त घात करते ती हीच भावना. मानसशास्त्रज्ञ बरूक फिशहॉफ यांनी १९७५मध्ये प्रयोगांतून दाखवले की घटनेचा शेवट कळल्यावर माणसाला तो शेवट आधीपासूनच उघड होता असे वाटू लागते, आणि हे आपल्या बाबतीत होत आहे याचे भानही राहत नाही. इंग्रजीत याला ‘हाइंडसाइट बायस’ म्हणतात. आपण साधेपणाने पश्चातबुद्धी म्हणू. त्या दिवसांत ज्यांच्या हाती काम होते त्यांना ५७ हा आकडा माहीत नव्हता. त्यांच्यासमोरचा प्रत्येक आकडा ८०च्या वरचा होता. पाचव्या दुरुस्तीचा विषय निघाला होता, पण ती कोणत्या परिस्थितीत करायची आणि ऐनवेळी कशी करायची याची तयारी आधी पुरेशी झालेली नव्हती. मंगळाजवळ पोहोचायला काही तास उरले असताना नवी आज्ञा पाठवणे हाही मोठा धोकाच असतो.

म्हणून घटनाक्रम लिहून झाला की एकदा लाल पेन घेऊन तो वाचावा आणि ‘करायला हवे होते’, ‘साधे एवढेही’, ‘दुर्लक्ष केले’, ‘निष्काळजीपणे’ असे शब्द खोडावेत. ‘तपासणी करायला हवी होती’ हे वाक्य घडले काय ते सांगत नाही. जे घडलेच नाही ते सांगते. त्याच्या जागी ‘तपासणी प्लॅनमध्ये नव्हती’ किंवा ‘तपासणीला तीन तास लागत आणि हाती दोन होते’ असे लिहावे. लिहिता आले नाही, तर आपल्याला अजून पुरेसे माहीत नाही असे समजून त्या माणसाशी पुन्हा बोलावे.

पाचवी पायरी, प्रत्यक्ष बैठक. दीड ते दोन तास पुरतात, कारण निम्मे काम झालेले असते. घटनाक्रम सगळ्यांसमोर ठेवावा, प्रत्येकाने आपल्या भागात भर घालावी, आणि सर्वांत वरिष्ठ माणसाने शेवटी बोलावे. साहेब पहिल्यांदा बोलले की बाकीच्यांचे मत तिथेच ठरते. शक्य असेल तर वरिष्ठांनी आपला एखादा निर्णय, उदाहरणार्थ तारीख पुढे न ढकलण्याचा, स्वतःहून घटनाक्रमात लिहावा. खालच्या माणसांनी एवढी एक नोंद पाहिली की त्यांची जीभ मोकळी होते.

बैठक घसरते ती बहुधा दोन ठिकाणी. पहिले ठिकाण म्हणजे नावांची साखळी. ‘पाच वेळा का विचारा’ ही टोयोटाच्या कारखान्यातून आलेली रीत अनेकांना ठाऊक असते. यंत्रासाठी ती छान चालते. माणसांच्या कामात ती एकाच धाग्याने खाली उतरत जाते आणि पाचव्या प्रश्नाला कुणा एकाच्या खुर्चीपाशी येऊन थांबते. असे होताना दिसले की चालवणाऱ्याने तिथेच विचारावे: ‘या जागी दुसरा कुणी चांगला माणूस असता, त्याच्यासमोर हीच माहिती आणि हाच वेळ असता, तर त्यानेही हेच केले असते का?’ उत्तर ‘हो’ आले, आणि बहुतेक वेळा ते ‘हो’च येते, की चर्चा माणसावरून परिस्थितीवर येते.

दुसरे ठिकाण म्हणजे ‘मूळ कारण’ एकच असावे हा हट्ट. ऑर्बिटरच्या मंडळाने मूळ कारण म्हणून एककांची चूक लिहिली, पण तिच्यासोबत आठ सहायक कारणेही नोंदवली. मार्ग ठरवणाऱ्या गटाला यानाची पुरेशी ओळख नसणे, त्यांची अपुरी संख्या, अपुरे प्रशिक्षण, गटागटांतला तुटक संवाद, विकासाकडून चालवण्याकडे काम सोपवतानाची ढिलाई, पाचवी दुरुस्ती न होणे, आणि जमिनीवरच्या सॉफ्टवेअरची सुरुवातीपासून शेवटापर्यंत चाचणी न होणे ही त्यातली. त्या वेळचे नासाचे अवकाशविज्ञान प्रमुख एडवर्ड वाइलर यांनी जाहीरपणे असे म्हटले होते की माणसे चुकतातच, खरा प्रश्न ती चूक पकडणारी व्यवस्था अपयशी ठरली हा आहे.

मला ही यादी वाचताना नेहमी एक गोष्ट जाणवते. एककाची चूक एका जागी, एका क्षणी झाली होती. बाकीची कारणे नऊ महिने रोज हजर होती. चूक करणाऱ्या माणसाला काढून टाकले असते तरी ती तशीच राहिली असती आणि पुढच्या चुकीची वाट पाहत बसली असती.

आपल्या बैठकीतही कारणांची यादी करताना प्रत्येक कारणापुढे एक प्रश्न लिहावा: हे कारण आजही, या क्षणी, दुसऱ्या कुठल्या प्रकल्पात हजर आहे का? पतसंस्थेच्या उदाहरणात ‘निर्णय घेणारे रात्री उपलब्ध नव्हते’ हे कारण पुढच्या प्रत्येक गो-लाइव्हला, म्हणजे नवी सिस्टीम चालू करण्याच्या प्रत्येक रात्री, तसेच असेल. तिथे आधी हात घालावा.

या प्रश्नाची निकड ऑर्बिटरच्या मंडळाइतकी क्वचितच कुणाला जाणवली असेल. त्यांचा पहिला अहवाल १० नोव्हेंबर १९९९ला आला, कारण ‘मार्स पोलर लँडर’ हे भावंड यान ३ डिसेंबरला मंगळावर उतरणार होते आणि ऑर्बिटर चालवणारा गटच तेही चालवत होता. अहवालात त्या यानासाठी स्वतंत्र शिफारशी होत्या. तरीही लँडर गेला, आणि बहुधा अगदी वेगळ्या कारणाने. उतरताना पाय उघडले तेव्हा बसलेल्या हादऱ्याला संवेदकांनी जमिनीचा स्पर्श समजले आणि इंजिन वरच बंद झाले असावे, असा निष्कर्ष निघाला. चांगला आढावासुद्धा त्या प्रकल्पात जे दिसले त्याच्याच वाटा बंद करतो. दोन अपयशांमागे जे समान होते, म्हणजे कमी पैसा, कमी माणसे आणि गुंडाळलेल्या चाचण्या, ते एका प्रकल्पाच्या टीमच्या हातात नसते. २०००च्या मार्चमध्ये टॉम यंग यांच्या अध्यक्षतेखालच्या गटाने संपूर्ण मंगळ कार्यक्रमाचा आढावा घेतला तेव्हा या गोष्टी समोर आल्या. आपल्या बैठकीत असे कारण निघाले, उदाहरणार्थ ‘विक्री विभाग आमच्याशी न बोलता तारीख देतो’, तर ते टीमच्या कामांत लिहू नये. ज्याच्या हातात ते बदलणे आहे त्या अधिकाऱ्याच्या नावाने, वेगळ्या कागदावर, तारखेसह पाठवावे. नाहीतर ते वर्षानुवर्षे भिजत पडते आणि प्रत्येक आढाव्यात पुन्हा निघते.

सहावी पायरी म्हणजे काय करायचे ते ठरवणे. तीन ते पाच कामे पुरेत. वीस कामांची यादी झाली की एकही होत नाही. प्रत्येक कामापुढे एकच नाव आणि एक तारीख असावी. इथे नाव लिहायला हरकत नाही, कारण ते पुढच्या कामासाठी आहे.

काम चांगले आहे की नुसते शब्द आहेत हे ओळखायची एक सोपी खूण आहे. दमलेला, घाईतला, नवखा माणूस त्या जागी आला तरी हा उपाय काम करील का? ‘सर्वांना जागरूक करणे’, ‘प्रशिक्षण घेणे’, ‘चेकलिस्टमध्ये एक ओळ वाढवणे’ हे उपाय माणसाच्या लक्षावर टेकलेले असतात, म्हणून दुबळे. ‘खातेनिहाय यादी जुळल्याशिवाय सिस्टीम चालूच होणार नाही अशी अट सॉफ्टवेअरमध्ये घालणे’ आणि ‘गो-लाइव्हच्या रात्री थांबवण्याचा अधिकार हजर असलेल्या अभियंत्याला लेखी देणे’ हे भक्कम उपाय. दुबळे उपाय अजिबात नकोत असे नाही, पण यादीत फक्त तेच असतील तर आढावा अजून अर्धवट आहे.

नासाने पुढे केलेल्या बदलांतला एक या कसोटीवर लख्ख उतरतो. आडवी हालचाल दिसत नव्हती ना? मग ती मोजायचीच सोय केली. पृथ्वीवर एकमेकींपासून हजारो किलोमीटर दूर असलेल्या दोन अँटेनांनी यानाचा संदेश एकाच वेळी ऐकायचा, आणि तो दोन्हींकडे पोहोचण्यातल्या सूक्ष्म फरकावरून यानाची आडवी जागा काढायची. या मोजणीला ‘डेल्टा-डीओआर’ म्हणतात. पद्धत आधीपासून माहीत होती, पण ऑर्बिटरसाठी तिचा आधार घेतला गेला नव्हता. पुढच्या ‘मार्स ओडिसी’ यानाच्या प्रवासात ती वापरली. ओडिसी २४ ऑक्टोबर २००१ रोजी मंगळाच्या कक्षेत सुखरूप शिरले. आकडा कुणी चुकीच्या एककात लिहिला तरी आता तो दुसऱ्या, स्वतंत्र मोजणीशी पडताळून पाहता येत होता.

सातवी पायरी, अहवाल. चार-पाच पानांपेक्षा मोठा नको. त्यात माणसांच्या नावांऐवजी भूमिका लिहाव्यात: ‘डेटा अभियंता’, ‘शाखा समन्वयक’. टीममधल्या सगळ्यांना नावे माहीतच असतात, हे खरे. पण अहवाल दोन वर्षांनी दुसराच कुणी वाचतो, आणि तेव्हा त्याला नाव दिसले की तो तिथेच थांबतो. छापण्याआधी मसुदा ज्यांच्या कामाचा त्यात उल्लेख आहे त्यांना दाखवावा. कुणाला एखादे वाक्य टोचले तर ते बहुधा चुकीचेच किंवा अपुरे असते.

एक सापळा इथे अजून आहे. अहवाल इतका गुळगुळीत होतो की त्यातून काहीच कळत नाही: ‘संवादात त्रुटी राहिल्या’, ‘समन्वय अधिक हवा होता’. दोष द्यायचा नाही म्हणजे तपशील पुसायचा असा गैरसमज यामागे असतो. उलट इथे तपशील जास्त लागतो. कोणता संदेश, कुणाकडून कुणाला, कोणत्या दिवशी, आणि तो कुठे अडकला, हे लिहिलेच पाहिजे. ऑर्बिटरच्या अहवालात ४.४५ हा आकडा आहे, फाइल कोणती होती ते आहे आणि कोणता फॉर्म भरला गेला नाही तेही आहे.

शेवटची पायरी कॅलेंडरवर आजच टाकून ठेवावी: तीन महिन्यांनी अर्ध्या तासाची बैठक. आढावा चालवणाऱ्याच माणसाने ती बोलवावी. ठरलेली कामे झाली का, हे विचारणे सोपे आहे. त्यासोबत झालेले काम प्रत्यक्ष चालवून पाहावे. खातेनिहाय यादीची अट घातली असेल तर चाचणीच्या सिस्टीममध्ये मुद्दाम दोन शाखांची खाती अदलाबदल करून बघावी, सिस्टीम अडते का. अडली नाही तर काम झालेले नाही, कागदावर काहीही लिहिलेले असो. आणि त्याच बैठकीत आढाव्यात मोकळेपणाने बोललेल्या माणसांची चौकशी करावी: त्यांना नव्या कामातून वगळले गेले का, त्यांच्या अप्रेझलमध्ये या प्रकल्पाचा उल्लेख आला का. आला असेल तर तो काढून घ्यावा, आणि काढल्याचे त्या माणसाला लेखी कळवावे.